मुंबईत ठेवलेलं डाऊन जॅकेट चपटं पडतं तेव्हा

लक्षणं बहुतेक वेळा सारखीच असतात. कपाटातून काढलेलं जॅकेट घेतलं तेव्हाच्या निम्म्या जाडीचं दिसतं. खांदे, पाठीचा वरचा भाग आणि कॉलरखालचे कप्पे पार बसलेले असतात. एखादा कप्पा दोन बोटांत धरला तर मधे काही लागतच नाही, कापडाला कापड टेकतं. उजेडासमोर धरलं की काही कप्प्यांत पिसं एका कोपऱ्यात गोळा झालेली आणि उरलेला कप्पा रिकामा दिसतो. कॉलर आणि बाह्यांच्या टोकांवर तेलकट, काळपट चकाकी असते. नाक जवळ नेलं तर कोंदट वास येतो.

दुसरा प्रकार घरी नुकत्याच धुतलेल्या जॅकेटचा. बाहेरून कोरडं लागतं, पण चाचपलं की आत सुपारीएवढ्या गाठी हाताला येतात.

दिवाळी झाली की आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधली आणि नात्यागोत्यातली अशी जॅकेटं माझ्याकडे यायला लागतात, कारण हिमाचल, लडाखचे बेत तेव्हा ठरत असतात. त्यातली बहुतेक खराब झालेली नसतात. ती ओली असतात, मळलेली असतात किंवा अर्धवट वाळलेली असतात. हे तिन्ही घरी दुरुस्त होतं, फक्त यातलं नेमकं काय झालंय ते आधी ओळखावं लागतं. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन फुकट आहेत.

आत काय असतं आणि ते का बसतं

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची, वरच्या पिसांखालची मऊ लव. तिला मधला दांडा नसतो. एका बिंदूपासून सगळ्या दिशांना तंतू फुटलेले असतात, हवेत तरंगणाऱ्या सावरीच्या म्हातारीसारखे. ऊब पिसं देत नाहीत, त्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा देते. तंतू उभे राहिले तर फुगवटा आहे, आणि फुगवटा आहे तोवर ऊब आहे. जॅकेटवर ५५०, ६५०, ८०० असा जो फिल पॉवरचा आकडा असतो तो हाच फुगवटा मोजतो: एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन किती घनइंच जागा व्यापतं.

हे तंतू केराटिनचे असतात. आपले केसही त्याचेच, आणि पावसाळ्यात केसांचं काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. केराटिन हवेतली वाफ शोषतं. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. तेव्हा पलंगाच्या पेटीत किंवा माळ्यावरच्या सुटकेसमध्ये दाबून ठेवलेलं जॅकेट न भिजताही दमट होतं. दमट तंतू लवचिकपणा गमावतात आणि दाबले गेलेल्या स्थितीतच राहतात. त्यात घाम, डोक्याचं तेल, सनस्क्रीन यांचा थर असेल तर ते एकमेकांना चिकटूनही बसतात. ओल आणि तेल ही दोन वेगळी कारणं आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. पुढचा सगळा तपास ही दोन वेगळी करण्यासाठी आहे.

१. लेबल वाचा

आतल्या शिवणीजवळचं लेबल शोधा. त्यावर डाऊन आणि फेदर यांचं प्रमाण, म्हणजे ९०/१० किंवा ८०/२० असं काही असेल तर पुढे वाचा. शंभर टक्के पॉलिएस्टर फिल लिहिलं असेल तर इथेच थांबा. दिसायला ही जॅकेटं सारखीच असतात, पण कृत्रिम तंतू एकदा मोडून बसले की धुऊन किंवा वाळवून पूर्ववत होत नाहीत. अशा जॅकेटवर तास घालवण्यात अर्थ नाही.

लेबलवर धुण्याच्या खुणाही असतात. टंबल ड्रायरच्या खुणेवर फुली असेल तर ड्रायरचे सगळे टप्पे तुमच्यासाठी बाद. बाहेरचं कापड जलरोधक पडद्याचं असेल तर तेही लक्षात ठेवा. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

२. मोकळं टांगा आणि झटका

जॅकेट पाऊचमध्ये किंवा व्हॅक्यूमच्या पिशवीत दाबलेलं असेल तर बाहेर काढून झटका आणि रुंद हँगरवर एक दिवस टांगा. पावसाळ्यात उघड्या खिडकीजवळ टांगून उपयोग नाही, एसी चालणाऱ्या खोलीत टांगा. नुसता दाब हे कारण असेल तर एका दिवसात स्पष्ट फरक पडतो. दुसऱ्या दिवशीही खांदे बसलेलेच असतील तर पुढे चला.

३. वजन करा

ही तपासणी फारसं कोणी करत नाही, पण माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. किचनमधला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, हलकं पातेलं ठेवून शून्य करा आणि जॅकेटचं वजन लिहून ठेवा. आत्ता या आकड्यावरून काही ठरत नाही, कारण कंपनीने छापलेलं वजन एका ठरावीक साइझचं असतं. पण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हाच आकडा सांगेल की आत अजून पाणी आहे की नाही. वरून हात लावून ते कधीच कळत नाही. पातळ नायलॉन आधी वाळतं आणि आतला गाभा सगळ्यात शेवटी.

४. न धुता ड्रायरमध्ये अर्धा तास

पहिला खर्चाचा टप्पा, तोही थोडाच. टंबल ड्रायर घरी नसेल तर वॉशर-ड्रायर असलेला शेजारी किंवा सेल्फ-सर्व्हिस लाँड्री शोधा. चेन लावा, वेल्क्रो बंद करा, खिसे रिकामे करा. सगळ्यात कमी उष्णता निवडा आणि सोबत तीन टेनिस बॉल टाका.

इथे मुंबईत एक घोटाळा होतो. टेनिस बॉल आणा म्हटलं की गल्लीतल्या क्रिकेटचा हेवी टेनिस बॉलच येतो. तो नको. टेनिसचा नेहमीचा चेंडू साधारण ५८ ग्रॅमचा असतो, हेवी त्याच्या कितीतरी वर जातो आणि कडकही असतो. पातळ कापडावर आणि ड्रमवर तो फार जोरात आपटतो. साधे हलके चेंडू घ्या, आधी धुऊन वाळवा आणि प्रत्येक चेंडू जुन्या पांढऱ्या मोज्यात घालून गाठ मारा. नव्या चेंडूचा रंग उष्णतेत फिक्या कापडाला लागू शकतो, मोजा तो अडवतो.

अर्ध्या तासाने जॅकेट काढा, थंड होऊ द्या, लगेच वजन करा. वजन उतरलं आणि फुगवटा सगळीकडे परत आला तर कारण फक्त ओल होती. काम संपलं, धुऊ नका. वजन उतरलं, पण कॉलर, खांदे आणि बगलेजवळचे कप्पे बसलेलेच राहिले तर तिथे तेल आहे, आणि ते उष्णतेने जात नाही. मग धुणं आलं.

५. धुणं

साबणाची निवड सगळ्यात महत्त्वाची. कपड्यांच्या नेहमीच्या पावडरी आणि लिक्विडमध्ये बऱ्याचदा एन्झाइम असतात, त्यातलं प्रोटीएज प्रथिनांचे डाग तोडतं. डाऊन स्वतःच प्रथिन आहे. फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नको, त्याचा थर तंतूंवर बसतो आणि ते पुन्हा उभे राहत नाहीत. ब्लीचही नको. निकवॅक्स डाऊन वॉश डायरेक्ट किंवा ग्रेंजर्सचा डाऊन वॉश ऑनलाइन मिळतो, बाटलीवरच्या मापाने घाला. तो मिळाला नाही तर लोकरीच्या कपड्यांचं, एन्झाइम नसलेलं सौम्य लिक्विड दोन चहाचे चमचे, त्याहून जास्त नाही.

मुंबईत पालिकेचं धरणाचं पाणी मऊ आहे, त्यात साबणाला फेस भरपूर येतो आणि निघायला वेळ लागतो. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर शेवटची खळबळ तरी पालिकेच्या पाण्याने करा.

मशीन फ्रंट-लोड असावं. टॉप-लोडमध्ये जॅकेट हवेने भरून वर तरंगतं, खालचा पंखा त्याला एका बाजूने पिळतो आणि आतल्या कप्प्यांच्या शिवणी फाटतात. आधी साबणाचा कप्पा ओल्या फडक्याने पुसून घ्या, जुन्या पावडरचे थर तिथेच असतात. कॉलरच्या तेलकट पट्ट्यावर त्याच साबणाचे दोन थेंब मऊ ब्रशने लावा. जॅकेट उलटं करा, चेन लावा, ३० अंशांवर नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम लावा आणि खळबळ एक वेळ जास्त घ्या. बाहेर काढण्याआधी काचेतून बघा. फेस दिसला तर आणखी एकदा खळबळ.

फ्रंट-लोड नसेल तर मोठ्या टबात हाताने धुवा. जॅकेट पाण्याखाली दाबून आतली हवा काढा, चोळू नका, नुसतं दाबत राहा. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला. उचलताना खांद्यांना धरून कधीही उचलू नका. ओल्या डाऊनचं वजन एका जागी येऊन आतला पातळ पडदा फाटतो. दोन्ही हात खाली घालून, सगळं एकत्र उचला. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. जमलं तर कमी वेगाचा स्पिन द्या, त्याने वाळवायचे तास वाचतात.

या अवस्थेत जॅकेट भयंकर दिसतं. रिकाम्या कप्प्यांच्या तळाशी ओल्या पिसांचे गोळे, आणि बदकाचा वास. दोन्ही साहजिक आहे.

६. वाळवणं, म्हणजे खरं काम

बिघडलेली बहुतेक जॅकेटं धुण्यात नाही, वाळवण्यात बिघडलेली असतात. ओले तंतू पाण्याने एकमेकांना धरून ठेवतात आणि गोळा होतो. गरम हवा गोळ्याची बाहेरची बाजू वाळवते, ती आत हवा जाऊ देत नाही आणि गाभा ओला राहतो. टेनिस बॉलचं काम गोळा फोडण्याचं आहे. प्रत्येक आपटण्याबरोबर पुंजके सुटे होतात आणि गरम हवा आत शिरते. चेंडूंशिवाय चालवलेला ड्रायर त्याच गोळ्यांची कडक पेंड करतो.

कमी उष्णता, तीन चेंडू, अर्ध्या तासाची फेरी. प्रत्येक फेरीनंतर जॅकेट काढून उजेडासमोर धरा, गोळे बोटांनी हलके सोडवा, कप्प्यात पसरवा, वजन करा, पुन्हा टाका. घाई म्हणून उष्णता वाढवू नका. पातळ नायलॉन सुरकुततं किंवा वितळतं, आणि लाँड्रीतले मोठे गॅसचे ड्रायर घरच्यापेक्षा तापतात. म्हणून त्यांत पहिली फेरी दहाच मिनिटांची द्या आणि कापडाला हात लावून पाहा.

मावशीने लेहच्या सहलीसाठी घेतलेल्या जॅकेटचे आकडे देतो, म्हणजे अंदाज येईल. ते पूर्ण पावसाळा व्हॅक्यूमच्या पिशवीत होतं. आलं तेव्हा ४३२ ग्रॅम. न धुता ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवल्यावर ४१६. पाठ आणि पोट छान फुगलं, कॉलर आणि खांदे मात्र तसेच. मावशी म्हणाली, "अरे, नुसतं केसांचं तेल लागलंय, कॉलर पुसून टाक." पण तेल कॉलरच्या कापडातून आत उतरलं होतं, पुसून निघणारं नव्हतं. धुऊन, स्पिननंतर वजन ८७० ग्रॅम. मग अर्ध्या अर्ध्या तासाने ६९०, ५६०, ४८०, ४३५.

४३५ ला जॅकेट पूर्ण वाळलेलं दिसत होतं. वास नव्हता, बाहेरचं कापड गरम आणि खडखडीत होतं. बहुतेक लोक इथे थांबतात. पण बगलेच्या कप्प्यांत दोन गोळे अजून लागत होते. पुढची फेरी ४१६, त्यानंतर ४०९, आणि आणखी एक फेरी देऊनही ४०९. वजन उतरायचं थांबलं तेव्हा ते खरं वाळलं. म्हणजे वरून कोरडं वाटत होतं तेव्हा आत २६ ग्रॅम पाणी शिल्लक होतं. तसंच पिशवीत गेलं असतं तर गोळे त्याच जागी घट्ट झाले असते आणि कोंदट वास धरला असता. खांदे शेवटच्या दोन फेऱ्यांत वर आले.

वजन जॅकेट थंड झाल्या झाल्या करा. मुंबईच्या हवेत तासभर ठेवलं तर ते पुन्हा काही ग्रॅम ओल घेतं आणि आकडा फसवतो.

ड्रायर मिळतच नसेल तर हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच करा, पावसाळ्यात चुकूनही नको. खाटेवर जाळी किंवा चादर पसरून जॅकेट आडवं ठेवा, टांगू नका. वर पंखा, शक्य असेल तर खोलीत एसी ड्राय मोडवर. दर दोन-तीन तासांनी उलटा, गोळे बोटांनी सोडवा, हाताने थापटा. यात दोन ते चार दिवस सहज जातात. कडक उन्हात टाकू नका, अतिनील किरणांनी पातळ नायलॉन कमजोर होतं. हेअर ड्रायर आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य, उष्णता एकाच ठिकाणी पडते आणि गोळा फुटत नाही. शेवटी वजनाची कसोटी इथेही तीच: सहा तासांच्या अंतराने दोनदा तेच वजन आलं पाहिजे.

७. गोळे तरीही राहिले तर

वजन स्थिरावलंय, पण गाठी आहेत आणि हाताला किंचित चिकट लागतात. हा राहिलेला साबण. साबण न घालता ३० अंशांवर दोन वेळा फक्त खळबळ आणि मग वाळवण्याचा सगळा क्रम पुन्हा. घरी धुतल्यावर बिघडलेली जॅकेटं यानेच सर्वात जास्त सुधारतात.

वजन स्थिर, गाठी नाहीत, तरी वास आहे, तर बगलेचे, कॉलरचे आणि खिशांमागचे कप्पे एकेक करून तपासा. खिशांमागे कापडाचे थर जास्त असल्याने तिथलं डाऊन सर्वांत शेवटी वाळतं. आणखी दोन फेऱ्यांनी वास गेला नाही तर ती बुरशी समजा.

पाणी कापडावर थेंब होऊन घरंगळण्याऐवजी आत मुरायला लागलं असेल तर तो फुगवट्याचा प्रश्न नाही. वरचा पाणी झटकणारा थर झिजलाय. जॅकेट स्वच्छ असताना कमी उष्णतेच्या फेरीने तो काही वेळा जागा होतो, नाहीतर फवारायचा नवा थर मिळतो.

पुढच्या पावसाळ्यासाठी एवढंच: पूर्ण वाळलेलं जॅकेट जुन्या सुती उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल ठेवा किंवा रुंद हँगरवर टांगा, सोबत सिलिका जेल. व्हॅक्यूमची पिशवी फक्त प्रवासाच्या दिवसापुरती. पावसाळ्यात मधून मधून एसीच्या खोलीत तासभर बाहेर काढून झटका.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

उजेडासमोर धरल्यावर दोन कप्प्यांमधला पडदा तुटलेला दिसला, म्हणजे पिसं एका कप्प्यातून दुसऱ्यात मोकळी जात असतील, तर घरी काही करू नका. नेहमीच्या शिंप्याकडेही नको. जाड सुईची प्रत्येक नवी शिवण म्हणजे पिसं बाहेर यायला नवी छिद्रं. कापडाला बारीक छेद असेल तर त्यावर गोल कापलेला रिपेअर टेप पुरतो, पण शिवणीच्या रांगेतूनच पिसं गळत असतील तर बारीक सुईचं काम करणारा, ट्रेकिंगच्या सामानाची दुरुस्ती करणारा माणूस लागतो, किंवा कंपनीचं दुरुस्ती केंद्र.

काळे ठिपके कापडाच्या आतून दिसत असतील, धुऊनही वास जात नसेल, तर पुन्हा पुन्हा धुऊ नका. प्रत्येक धुण्यात तंतू थोडे तुटतात. बाहेरचं कापड जलरोधक पडद्याचं असून त्याला फोड आले असतील, आतला थर सुटत असेल, तर ड्रायरमध्ये तो आणखी सुटेल. तेही तिथेच थांबवा.

आणि कप्प्यावर टिचकी मारल्यावर शिवणीतून बारीक भुकटी येत असेल, वजन बरोबर असून फुगवटा येत नसेल, तर पुंजकेच तुटले आहेत. त्यांना काहीही परत उभं करत नाही. नवीन डाऊन भरून घेणं एवढाच मार्ग उरतो, आणि तोही बाहेरचं कापड धड असेल तरच परवडतो.

ड्रायक्लीनिंगला देताना काउंटरवर दोन प्रश्न विचारा: पाण्याने धुणार की रसायनाने, आणि वाळवायला टंबल ड्रायर आहे का. काही रसायनं डाऊनमधलं नैसर्गिक तेलही काढून टाकतात आणि तंतू ठिसूळ करतात. लेबलवर ड्रायक्लीन करू नका अशी खूण असेल तर विचारायचीही गरज नाही, परत घेऊन या. देण्याआधी कोरडं वजन लिहून ठेवा आणि परत आल्यावर पुन्हा करा. वजन जास्त भरलं तर ते पूर्ण वाळलेलं नाही, त्याच दिवशी कमी उष्णतेवर चेंडूंसह फिरवून घ्या. कोरडं वजन पंधरा-वीस ग्रॅमने कमी भरलं तर कुठली तरी शिवण उसवून पिसं गेली आहेत. तेव्हा पावती हातात असतानाच त्यांना कप्पे उजेडासमोर धरून दाखवा.